दोन्ही छेदबिंदू खरेच आहेत

> «मिसळीच्या गाड्याचं गणित मांडलं: q प्लेटी विकायच्या तर भाव 120 − 0.5q रुपये. रोजचा ठरलेला खर्च २४०० आणि प्लेटमागे ४०. ना-नफा-ना-तोट्याची उत्तरं ४० आणि १२० अशी दोन आली. मोठं खोडायचं ना?»

खोडू नका. गल्ला आणि खर्च सारखे धरले की `q² − 160q + 4800 = 0` येतं, आणि त्याची दोन्ही उत्तरं गाड्यावर प्रत्यक्ष दिसतात.

४० प्लेटींना भाव १००, गल्ला ४०००, खर्चही ४०००. त्याखाली गिऱ्हाईकच इतकं कमी की जागाभाडं आणि पोऱ्याचा पगार निघत नाही. १२० च्या पुढचा तोटा मात्र फसवा असतो. १२० प्लेटी खपवायला भाव ६० वर आणावा लागतो, आणि तो पहिल्या गिऱ्हाइकालाही लागू होतो. गल्ला ७२००, खर्चही ७२००. गंमत म्हणजे या आकड्यांत सगळ्यात मोठा गल्ला नेमका इथेच येतो! कॉलेज रोडला रांग लागलेली, तर्री संपत आलेली, आणि हातात शून्य.

नफा सर्वांत जास्त मधोमध, ८० वर: भाव ८०, गल्ला ६४००, खर्च ५६००, उरले ८००. ८० च्या पुढे आणखी एका प्लेटीमुळे गल्ला चाळिसापेक्षा कमी वाढतो, आणि ती प्लेट तर चाळिसाला पडते.

भाडं वाढलं की दोन्ही बिंदू ८० कडे सरकतात. ठरलेला खर्च ३२०० झाला की ते एकत्र येतात. त्यापुढे वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, म्हणजे कुठल्याच भावाला गाडा परवडत नाही.

फक्त भावाची ती सरळ रेषा अंदाजाने घेतली असेल, तर आधी आठवडाभर दोन-तीन भाव लावून प्लेटी मोजा.