मदत हवी आहे: एकच अ‍ॅप, पण वॉटरफॉल आणि अ‍ॅजाइलचे प्लॅन सारखेच दिसतायत

ऋचा_टीवाय: सरांच्या स्लाइड्समध्ये सॉफ्टवेअर बनवायच्या या दोन्ही पद्धतींचा तक्ता आहे. एकच छोटं अ‍ॅप दोन्हींनी प्लॅन करून फरक दाखवायचाय. माझं अ‍ॅप मेसच्या खाड्यांचं: मेंबर खाडा टाकतो, काकूंना किती ताटं लागणार ते दिसतं, महिनाअखेर बिलातून पैसे वजा. प्लॅन केले, पण फरकच दिसत नाही. परवा प्रेझेंटेशन आहे, लवकर सांगा.

जुनाकोडर: किती जण, किती आठवडे? आणि अ‍ॅजाइलचा प्लॅन टाका ना इथे.

ऋचा_टीवाय: तिघं, ८ आठवडे. २-२ आठवड्यांचे स्प्रिंट: रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग.

मंदार७७: अ‍ॅजाइलमध्ये प्लॅन आणि डॉक्युमेंट लागतच नाहीत. सरळ कोडिंग सुरू करा.

जुनाकोडर: मंदार, असं नाही. अ‍ॅजाइलच्या २००१ च्या जाहीरनाम्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला डॉक्युमेंटपेक्षा जास्त महत्त्व दिलंय, डॉक्युमेंट टाकून द्या असं म्हटलेलं नाही.
ऋचा, तुमचे स्प्रिंट म्हणजे वॉटरफॉलचेच एकापाठोपाठ एक टप्पे आहेत. प्रत्येक स्प्रिंट संपताना काकूंना वापरता येईल असं काहीतरी हवं. पहिल्यात फक्त खाडा टाकणं आणि काकूंना ताटांचा आकडा दिसणं. बिल तिसऱ्यात.
मग एकच बदल दोन्ही प्लॅनमधून फिरवा. काकू म्हणाल्या, "सकाळचा खाडा वेगळा, रात्रीचा वेगळा." वॉटरफॉलमध्ये त्या अ‍ॅप बघणार सातव्या आठवड्यात. तोवर टेबलमध्ये दिवसाला एकच नोंद, बिलाचा हिशोब त्यावर, टेस्ट केसेसही त्यावरच. म्हणजे सुरुवातीला गरजा लिहिलेल्या एसआरएसपासून सगळं पुन्हा उघडा. अ‍ॅजाइलमध्ये हे दुसऱ्या आठवड्याच्या डेमोतच कळतं. टेबलमध्ये एक कॉलम वाढतो, बिल अजून लिहिलेलंच नसतं.

सुनीता_पुणे: आमच्या मेसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, रोज सकाळी पोल टाकतात. अ‍ॅप कशाला?

टेंडरवाला: वॉटरफॉलला उगाच झोडपताय. आमच्या सरकारी कामात रक्कम आणि काम आधीच ठरतं, दर २ आठवड्यांनी यादी बदलली तर बिल कोण पास करणार? आणि पहिल्याच आठवड्यात काकूंना नीट विचारलं असतं तर सकाळ-रात्रीचं तेव्हाच कळलं असतं.

जुनाकोडर: तेवढं कळलं असतं, मान्य. पण भात चढवल्यावर आलेला खाडा धरायचा का, हा प्रश्न काकूंना खरा आकडा रोज समोर आल्यावरच पडतो. वॉटरफॉलच्या टप्प्यांची आकृती १९७० च्या लेखात मांडणाऱ्या रॉइसनेच लिहिलंय की शेवटी टेस्टिंग करणं धोक्याचं आहे.

टेंडरवाला: पेपरवर स्क्रीन काढून विचारा, तेही कळेल.

नेहा_अँड्रॉइड: प्ले स्टोअरवर टाकणार का? नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. हे दोन्ही प्लॅनमध्ये धरा, नाहीतर ८ आठवडे पुरणार नाहीत.

ऋचा_टीवाय: स्टोअरवर नाही, काकूंच्या फोनवर एपीके टाकणार. स्प्रिंट बदलते. पण सरांनी दोन्हींची तारीख आणि खर्च आधीच लिहायला सांगितलंय. अ‍ॅजाइलच्या रकान्यात काय लिहू?

जुनाकोडर: तारीख तीच, तिघं तेच, म्हणजे खर्चही तोच. वेळ कमी पडला तर काय गळेल ते लिहा. माझ्या मते बिल, पण ते काकूंना विचारून ठरवा.

टेंडरवाला: बिल गाळलं तर काकू अ‍ॅप घेतील का?