जमेचा कॉलम म्हणजे विक्री? बँक स्टेटमेंटच्या फोटोंवरून कॅश फ्लो

फटाफट_हिशोब: छोट्या धंद्याच्या कॅश फ्लो फोरकास्टचा उगाच बाऊ करतात. पार्टीकडून स्टेटमेंटचे फोटो मागवा, जमेचा कॉलम म्हणजे विक्री, नावेचा कॉलम म्हणजे खर्च, सरासरी काढा आणि पुढचे सहा महिने तीच ओढा. अर्ध्या तासाचं काम, पाच हजार कसले घेता?

जुनी_वही: असल्या पोस्टी वाचूनच लोक आमच्याशी घासाघीस करतात, म्हणून लिहितेय. ग्रील-शेडचं एक वर्कशॉप, चालू खातं आणि सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्जखातं, वेगवेगळ्या बँकांत. चालू खात्यात महिन्याची जमा ९,४०,०००. त्यात २ लाख त्याच्याच सीसीतून वळवलेले. दीड लाख मेहुण्याकडून हातउसने. १,१८,००० चा चेक जमा झाला आणि दोन दिवसांनी परत गेला, त्याची नोंद नावेला, म्हणजे तुम्ही तो विक्रीतही धरणार आणि खर्चातही. उरले ४,७२,०००. गिऱ्हाइकाकडून खरोखर आले ते एवढेच, आणि तुम्ही पुढचे सहा महिने त्याच्या दुप्पट ओढणार!

बरं, मेहुण्याचे पैसे विक्री नाहीत म्हणून सोडूनही चालत नाही, ते ज्या महिन्यात परत द्यायचे त्या महिन्याच्या जाण्यात घालायचे. सीसीचे २ लाख मात्र दोन्ही खात्यांचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय ओळखूच येत नाहीत, नोंदीत नुसतं फर्मचं नाव असतं.

प्रो_अकाउंट्स: बाकी ठीक, पण ४,७२,००० पण चूक आहे ताई. १८ टक्के जीएसटी आपला नसतो, ७२ हजार बाजूला काढा, येणं ४ लाखच धरा.

जुनी_वही: विक्री ४ लाख, बरोबर. पण खात्यात आले ४,७२,००० आणि २० तारखेपर्यंत ते तिथेच असतात, त्यातूनच तो पगार करतो. येणं पूर्ण धरा आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरणा जाण्यात दाखवा, तोही पत्र्या-अँगलच्या खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करून. तुमच्या पद्धतीने ७२ हजार आधी काढले आणि चलनाची नोंद परत खर्चात धरली की एकच कर दोनदा गेला.

प्रो_अकाउंट्स: मी चलन परत धरा म्हटलंच नव्हतं.

वर्कशॉपवाला: फोटोंवरून चिडू नका हो, आमच्या पतसंस्थेत पीडीएफ मागितली की मॅनेजर सुट्टीवर असतो. फोटो सरळ कुठल्या ॲपने होतात?

जुनी_वही: ॲप राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकडे पुसट होतात. मग प्रत्येक ओळीला आधीची शिल्लक अधिक जमा वजा नावे, ही पुढची शिल्लक यायलाच हवी. नाही आली तर ओळ अंगठ्याखाली गेली किंवा आकडा चुकला. फरकाला ९ ने भाग गेला तर बहुतेक दोन अंक उलटे वाचलेत. पानाच्या शेवटची शिल्लक पुढच्या पानाशी जुळत नसेल तर मधलं पान आलेलंच नाही. सीसीत शिल्लक नावे असते, तिथे चिन्ह उलटं घ्या.

लोणचेवाली: आणि घरखर्चाचं काय? आमच्या खात्यातून मुलाची फी, गॅस, सासऱ्यांची औषधं सगळंच जातं. सीए म्हणतात तो खर्च नाहीच, ‘उचल’ म्हणून बाजूला काढा.

प्रो_अकाउंट्स: बरोबरच सांगतात. धंद्याच्या फोरकास्टमध्ये औषधं कशाला?

लोणचेवाली: कारण पैसे जातात म्हणून! गेल्या जूनमध्ये कागदावर ४० हजार शिल्लक दिसत होते, फी भरली आणि कैरीवाल्याला द्यायला काही उरलं नाही. तुमचा नियम त्याला सांगू का?

प्रो_अकाउंट्स: मग घरखर्चाला वेगळं खातं काढा. शिस्त नाही त्याला फोरकास्ट काय करणार.

लोणचेवाली: शिस्त शिकवू नका, आधी तुमचा एटीएमचा हिशोब दाखवा.

जुनी_वही: दोघं थांबा. नफ्यातोट्यात ती उचल बाहेर, कॅश फ्लोत आत, पण वेगळ्या ओळीत. फी जूनची जूनमध्येच टाका, बारा महिन्यांत वाटली तर जूनचा खड्डा दिसतच नाही. एटीएमच्या रकमांचं मात्र मालकाला विचारावंच लागतं, मजुरी की घर ते फोटो सांगत नाही.

वर्कशॉपवाला: मालकाला तरी कुठे आठवतं.

प्रो_अकाउंट्स: वेगळी ओळ असेल तर चालेल. तरी खातं वेगळं काढाच.

फटाफट_हिशोब: ठीक आहे, अर्धा तास नाही, दोन तास. पाच हजार तरीही जास्तच. आणि तो परत गेलेला चेक पुढच्या महिन्यात येणाऱ्यात धरायचा की नाही ते कोणीच बोललं नाही.

जुनी_वही: ते गिऱ्हाईक बघून. मी धरत नाही.

वर्कशॉपवाला: आम्ही धरतो, पगार करायचे असतात.