विषय: संभाजीनगरच्या घराची सफाई, रेफरलचे ३०० रुपये

सचिव, मंडळ:
नमस्कार मंडळी. आपण इथे परदेशात आणि आईवडील छत्रपती संभाजीनगरला, अशांसाठी लिहितो आहे. आपल्यातले काहीजण तिथली जी घरसफाईची सेवा वापरतात, तिची रेफरल योजना दिवाळीपर्यंत चालू आहे. तुमचा कोड वापरून नव्या ग्राहकाने काम करून घेतलं, की त्याला बिलात ३०० रुपये सूट आणि तुमच्या खात्यात ३०० रुपये क्रेडिट. कोड पहिल्याच बुकिंगला, पैसे भरण्याआधी टाकायचा. मागाहून चालत नाही.

लातूरचे काका:
चांगलं झालं. म्हणजे मंडळाला माणशी ३०० मिळणार ना? गणपतीच्या वर्गणीत धरा.

सचिव:
नाही काका, रोख काहीच मिळत नाही. ज्याचा कोड, त्याच्या पुढच्या बिलातून तेवढे वजा होतात.

एक सभासद:
सोपं आहे. आपलाच कोड घेऊन आईच्या नंबरवर खातं उघडायचं, दोन्हीकडून फायदा.

सिडकोची ताई:
दादा, त्या घराचं बुकिंग आधी कधीच झालं नसेल तरच. तुम्ही तुमच्या खात्यातून ते केलं असेल, तर नंबर नवा असला तरी पत्ता जुना निघतो आणि सूट नाकारली जाते.

खरी अडचण पाण्याची आहे. माझ्या कोडवर मैत्रिणीने तिच्या आईच्या टू बीएचकेचं बुकिंग केलं. बिल ३,६००, कोड टाकून ३,३००. माणसं आली त्या दिवशी नळ नव्हता आणि टाकीत जेमतेम पाणी. त्यांनी जळमटं काढली, पंखे पुसले, बाथरूम-किचन तसंच राहिलं. ॲपवर काम ‘अपूर्ण’, माझं क्रेडिट ‘प्रलंबित’. पुढच्या वेळी नळाला पाणी आलं त्या दिवशी परत बोलावलं, काम संपलं, तेव्हाच पैसे ‘जमा’ दिसले. म्हणून आधी आईला पाण्याचा दिवस विचारा, मगच तारीख घ्या.

आणि काम संपल्याचा ओटीपी बुकिंगच्या नंबरवर येतो. तो आपला इथला असेल तर आपण झोपेत आणि तिकडे माणसं दारात ताटकळत. आईचाच नंबर द्या.

परभणीचा भाऊ:
आमचं घर गावात आहे, पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध नाही’ येतं. संभाजीनगरला मामांचा जुना वाडा आहे, तिथं करून घेईन म्हणतो. पण मागे एकांनी शहाबादी फरशीवर ॲसिड टाकलं, फेस आला आणि फरशी पांढरट पडली ती पडलीच.

सिडकोची ताई:
शहाबादी म्हणजे चुनखडीच, ॲसिडने ती खाल्ली जाते. बुकिंगच्या सूचनेत ‘फरशीला ॲसिड नको, साधं साबणाचं पाणी’ असं लिहा, शिवाय मामांना समोर उभं राहायला सांगा. नळांवरचे पांढरे डाग काढायला ते लोक ॲसिड वापरतात, त्याचे थेंब खाली फरशीवर पडतात.

एक सभासद:
आणि पाण्यापायी आपणच बुकिंग रद्द केलं तर? कोड परत वापरता येतो का?

सिडकोची ताई:
माझ्याकडे ती वेळ आली नाही. रद्द न करता तारीख पुढे ढकलली तर कोड टिकतो, एवढं मी पाहिलं आहे.

सचिव:
रद्द करण्याचं त्यांना विचारून कळवतो. तोवर कुणी रद्द करू नका, तारीखच बदला.