अनुभव धागा: पोरांना पहिल्या पगाराचा हिशेब कसा समजावलात?

दादरची मामी: भाच्याला अठरा पूर्ण झाली आणि तो कॉलेज सांभाळून एका कॅफेत लागला. शुक्रवार ते रविवार, रोज पाच तास, तासाला ८० रुपये. महिन्याच्या १२ शिफ्ट म्हणजे ४८०० येणार म्हणून बूटही बघून ठेवले होते. खात्यात आले ३७६९. "मामी, हजार रुपये कापले!" म्हणून घर डोक्यावर घेतलंय. तुम्ही तुमच्या पोरांना हे कसं शिकवलंत?

पगारपत्रकवाला: वीस वर्षं हेच काम करतोय. आधी कपात बघायची नाही, तास बघायचे. स्लिपवर ५४ तास असणार, दर शिफ्टला अर्धा तास ब्रेक वजा. म्हणजे ४३२०. हे ४८० कापलेले नाहीत, ते मुळात धरलेच नव्हते. माझ्या लेकीला हा फरक कळायलाच सगळ्यात वेळ लागला. पुढचं सोपं आहे: पीएफ १२ टक्के, ५१८. ईएसआय, म्हणजे आजारपणाच्या सरकारी विम्याचा हप्ता, पाऊण टक्का, ३२ रुपये ४० पैसे, तो वरच्या रुपयात जातो म्हणून ३३. झाले ३७६९. व्यवसाय कर नाही, कारण पुरुषांना ७५०० पर्यंत तो लागत नाही.

गिरगावचा काका: पंधरा हजारांच्या आत पीएफ कापतच नाहीत. परत मागा.

पगारपत्रकवाला: काका, आकडा बरोबर, अर्थ उलटा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पंधरा हजारांच्या आतल्यांनाच तो सक्तीचा असतो. पैसे त्याच्याच नावावर जमतात. त्याचा पीएफचा नंबर, म्हणजे यूएएन, घेऊन पासबुक उघडून दाखवा. कापले पण भरलेच नाहीत, असं असेल तर तिथेच कळतं.

मुलुंडची आई: लेक मॉलमध्ये होती, तिला वहीत येण्या-जाण्याची वेळ लिहायला लावली. ५ तास ४० मिनिटांना ती कॅल्क्युलेटरवर ५.४० गुणिले ८० करायची, ४३२ यायचे. मिनिटांना साठने भागायला शिकवलं तेव्हा ४५३ आणि वर काही पैसे निघाले. गंमत म्हणजे तिथला सुपरवायझरही ५.४०च करत होता!

स्कूटरवाला: आमच्याकडे तासच नाहीत, ऑर्डरमागे पैसे. पेट्रोल आपलं. पावसात अर्धा दिवस नुसतं थांबून जातो, त्याचा हिशेब कुठल्या स्लिपवर?

दादरची मामी: स्लिप पाहिली, ५४ तासच आहेत. पण तो म्हणतो, ब्रेकमध्ये गर्दी झाली की काउंटरवर बोलावतात.

पगारपत्रकवाला: मग तो ब्रेक कसला? ज्या दिवशी बोलावलं त्या दिवसाची वेळ लिहून ठेवू दे, महिनाअखेरीला मॅनेजरला दाखवू दे. मानतील की नाही, सांगता येत नाही.

गिरगावचा काका: वहीवर मॅनेजरची सही घ्यायला सांगा.

दादरची मामी: सही मागायला लाजतोय तो.