शब्दचर्चा: सौम्य, विरल, अचूक, सुमारे (प्रॅक्टिकलचा रिपोर्ट इंग्रजीत लिहिताना)

पहिलं_वर्ष
नमस्कार. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली, आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलं आहे. माझ्या पहिल्याच रिपोर्टवर सरांनी दोन ठिकाणी लाल गोल केले आहेत आणि दोन्ही ठिकाणी घोळ मराठी शब्दापासून सुरू झाला असं मला वाटतं.

पहिला गोल. शाळेत आम्ही "सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल" म्हणायचो. सौम्य म्हणजे वीक, म्हणून मी "वीक हायड्रोक्लोरिक ॲसिड" लिहिलं. सरांनी बाजूला लिहिलं, "HCl वीक कधीपासून झालं?"

दुसरा गोल. कृतीच्या कागदावर "वे ॲक्युरेटली अबाउट ०.५ ग्रॅम केएचपी" असं होतं. केएचपी म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, NaOH चं द्रावण नेमकं किती मोलर आहे ते ठरवायला तोलून घेतात ते. अचूक पण सुमारे? मला काही उलगडेना. मी अर्धा तास खपून तराजूवर ०.५००० आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, ०.५१०४ वर थांबले आणि रिपोर्टमध्ये ०.५ लिहिलं. तिथेही गुण गेले.

मी आधी मराठीत वाक्य जुळवते आणि मग इंग्रजीत नेते. ही सवय लगेच सुटणार नाही, म्हणून निदान मराठी शब्द तरी नेमका धरावा असं वाटतं. कोणी सांगेल का?

जुनी_वही
तुमचं फारसं चुकलेलं नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर "सौम्य" आणि "तीव्र" अशाच चिठ्ठ्या होत्या. सौम्य म्हणजे पाणी घातलेलं, तीव्र म्हणजे न घातलेलं. इंग्रजीत त्याला डायल्यूट आणि कॉन्सन्ट्रेटेड म्हणतात. तेव्हा वीक खोडून डायल्यूट लिहा, काम झालं. पाणी घातलं की आम्ल कमजोर होतंच, त्यामुळे दोन्हींच्या अर्थामध्ये फरक काही नाही.

ब्युरेटवाल्या_बाई
जुनी_वही, चिठ्ठ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही त्या पाहिल्या आहेत. शेवटचं वाक्य मात्र मान्य नाही, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पाणी घातल्याने HCl वीक होत नाही.

अगं पोरी, इथे प्रश्न दोन आहेत आणि जुनी मराठी दोन्हींना एकच उत्तर द्यायची. एक प्रश्न असा की पाण्यात आम्ल किती आहे. थोडं असेल तर विरल, पुष्कळ असेल तर संहत. दुसरा प्रश्न असा की जे आम्ल आहे, त्यातलं किती विघटित होऊन हायड्रोजन आयन देतं. जवळजवळ सगळं देत असेल तर तीव्र, थोडंसंच देत असेल तर सौम्य. पहिलं आपल्या हातात असतं, कारण पाणी आपण घालतो. दुसरा त्या आम्लाचा स्वभाव आहे.

स्वयंपाकघरातलं सांगते. लवंगी मिरचीची चिमूटभर पूड मोठ्या पातेलंभर आमटीत टाकली, तरी मिरची लवंगीच राहते. आमटी विरल झाली. आणि ढोबळी मिरचीची अख्खी भाजी केली, तरी ती झणझणीत होत नाही. भाजी संहत, पण मिरची सौम्य.

०.१ मोलर HCl हे विरल, पण तीव्र. त्याचा pH १ येतो. तेवढ्याच ०.१ मोलरचं ॲसिटिक आम्ल घेतलं तर pH साधारण २.९ येतो, कारण त्याच्या शंभर रेणूंपैकी एक-दीडच विघटित होतो. पाणी दोन्हीकडे सारखंच आहे, आणि फरक पडला तो स्वभावाचा. बाटलीतलं ग्लेशियल ॲसिटिक आम्ल उलट टोकाचं. ते इतकं संहत असतं की त्यात पाणी जवळजवळ नसतंच, तरीही ते सौम्य आम्लच.

म्हणून तुझ्या वहीत "सौम्य HCl" असेल तर इंग्रजीकडे वळण्याआधी ते मराठीतच दुरुस्त कर. "विरल HCl" म्हण. मग डायल्यूट आपोआप येईल.

पहिलं_वर्ष
बाई, खूप स्पष्ट झालं. पण एक विचारते. वाक्यात वीक लिहिलं म्हणून प्रयोग तर बिघडला नव्हता. उत्तर बरोबरच आलं होतं. मग सर एवढे का रागावले असतील?

ब्युरेटवाल्या_बाई
कारण त्या एका शब्दावरून वाचणारा पुढचं ठरवतो. तू NaOH ने अनुमापन केलंस ना? दर्शक कोणता वापरलास?

पहिलं_वर्ष
मिथिल ऑरेंज.

ब्युरेटवाल्या_बाई
मग बघ. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी असेल तर मिथिल ऑरेंज चालतं, फिनॉल्फ्थॅलीनही चालतं. अंत्यबिंदूपाशी pH एवढी मोठी उडी घेतो की दोघांचेही रंग त्या उडीतच बदलतात. आम्ल सौम्य असेल तर मात्र मिथिल ऑरेंज चालत नाही. त्याचा रंग ३.१ ते ४.४ pH मध्ये बदलतो, आणि ॲसिटिक आम्लाचं अनुमापन पुरं होतं ते ८.७ च्या आसपास. खरं माप १० मिलिलिटर असेल, तर मिथिल ऑरेंज तिसऱ्या-चौथ्या मिलिलिटरलाच पिवळं होऊन बसेल. तेही एका थेंबासरशी नाही, तर हळूहळू, लाल, नारिंगी, पिवळट असं. प्रयोगशाळेत रंग असा रेंगाळला तर ओळखायचं की दर्शक चुकला. सौम्य आम्लाला फिनॉल्फ्थॅलीन घ्यायचं, ते ८.२ च्या पुढे गुलाबी होतं.

तुझ्या रिपोर्टात "वीक" आणि "मिथिल ऑरेंज" शेजारी शेजारी आले. वाचणाऱ्याला वाटणार की हिचा दर्शक चुकला, मग हिचं माप बरोबर आलं कसं? तुझं काम चोख होतं, पण शब्दाने ते संशयास्पद केलं.

जुनी_वही
हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर दोन्ही एकच समजत आलो. तरी एक म्हणतो. "विरल" हा शब्द बोलण्यात नाही, "विरळ" आहे. शाळेच्या पुस्तकात तोच घातला असता तर मुलांच्या तोंडी बसला असता.

ब्युरेटवाल्या_बाई
विरळ म्हटलं की मला विरळ झाडी, विरळ केस आठवतात. पण तुमचा मुद्दा रास्त आहे, मुलं तोंडी "पातळ ॲसिड" म्हणतात ती उगीच नाही.

घाटावरचा
माझा मुलगाही मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेला. त्याला मी एकच सांगितलं, रोज इंग्रजी पेपर वाच आणि आरशासमोर बोल. सहा महिन्यांत तो बोलायला लागला. माध्यमाचा न्यूनगंड बाळगू नका.

पहिलं_वर्ष
धन्यवाद काका. बोलण्याचा प्रश्न मलाही आहेच, पण इथे मी फक्त या दोन वाक्यांबद्दल विचारते आहे.

क्यूसी_टेबल
दुसऱ्या गोलाबद्दल लिहितो. मी औषध कंपनीत क्यूसीला आहे, आणि "वे ॲक्युरेटली अबाउट" हे वाक्य दिवसातून दहा वेळा वाचतो. ते फार्माकोपियातलं ठरलेलं वाक्य आहे. तिथे "अबाउट"चा अर्थही ठरवून दिलेला आहे, सांगितलेल्या वजनाच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे. म्हणजे ०.५ ग्रॅमला ०.४५ ते ०.५५ मधलं काहीही चालेल.

गोंधळ होतो कारण इंग्रजीने दोन क्रिया एका क्रियापदात कोंबल्या आहेत. मराठीत त्या सुट्या आहेत, घेणे आणि तोलणे. "सुमारे" हा घेण्याला लागतो, "अचूक" हा तोलण्याला. "सुमारे अर्धा ग्रॅम घ्या, आणि घेतलं तेवढं अचूक तोलून आकडा लिहा." या वाक्यात विरोध कुठे राहिला?

तुम्ही अचूक हा शब्द घेण्याला लावलात आणि ०.५००० च्या मागे लागलात. जास्त झालेले कण बाटलीत परत टाकले असतील तर तेही पुन्हा करू नका. चमच्यावरची घाण बाटलीत जाते, आणि मग ती बाटली प्रमाण म्हणून वापरण्याच्या लायकीची राहत नाही.

पहिलं_वर्ष
परत टाकले होते. आता नाही टाकणार. पण मग ०.५ लिहिल्याने इतकं काय बिघडलं? ०.५१०४ आणि ०.५ जवळच आहेत.

क्यूसी_टेबल
करून बघू. केएचपीचा रेणुभार २०४.२. NaOH किती लागलं?

पहिलं_वर्ष
२४.८ मिलिलिटर.

क्यूसी_टेबल
०.५१०४ ला २०४.२ ने भागलं की ०.००२४९९५ मोल. त्याला ०.०२४८ लिटरने भागलं की NaOH ची संहती ०.१००८ मोलर.
आता ०.५ धरून तेच करा. ०.०९८७ मोलर येईल.

दोन टक्क्यांचा फरक पडला. आणि तो इथेच थांबत नाही, कारण याच NaOH ने तुम्ही पुढे HCl मोजलंत. तराजूने चार दशांश दिले होते आणि तुम्ही तीन सोडून दिलेत. "सुमारे" हा शब्द सूचनेचा आहे, नोंदीत तो येत नाही.

ब्युरेटवाल्या_बाई
नोंदीत येत नाही हे मला पूर्ण पटत नाही. मी मुलांना "सुमारे ०.५ ग्रॅम अचूक तोलून घेतले (०.५१०४ ग्रॅम)" असं लिहायला लावते. म्हणजे सांगितलं किती होतं आणि घेतलं किती, दोन्ही कळतं.

क्यूसी_टेबल
बाई, आमच्याकडे ऑडिटर असं वाक्य बघून विचारेल की खरं वजन कोणतं. आम्ही एकच आकडा लिहितो. कॉलेजात तुमची रीत चालत असेल.

पानफूल
मी वनस्पतीशास्त्राची, त्यामुळे आम्लाबिम्लात पडत नाही. माझाही पहिला रिपोर्ट असाच लाल झाला होता. पानातला स्टार्च तपासायचा होता. मी निरीक्षणात लिहिलं, "द लीफ कंटेन्स स्टार्च". मॅडम म्हणाल्या, स्टार्च तुला दिसला का? दिसलं होतं ते एवढंच, की आयोडीन टाकल्यावर पान निळं-काळं झालं. गंमत म्हणजे शाळेच्या प्रयोगवहीत "निरीक्षण" आणि "अनुमान" असे दोन वेगळे रकाने होते आणि तिथे मी कधी चुकले नव्हते. इंग्रजीत आल्यावर रकाने गेले आणि मी दोन्ही एकत्र केलं.

आणखी एक. शाळेत आम्ही "रंग निळा होतो" लिहायचो, कारण पुस्तकात तसं असायचं. "होतो" म्हणजे नेहमी होतो. रिपोर्टला "झाला" हवा, त्या दिवशी, त्या पानावर.

ब्युरेटवाल्या_बाई
पानफूल, हे फार मोलाचं आहे. शिवाय पुस्तकातली कृती "घ्या, टाका, हलवा" अशी असते, ती तशीच इंग्रजीत उतरवली की रिपोर्ट पाककृतीसारखा वाचला जातो. "द्रावण घेतले" म्हण. मराठीत "मी द्रावण घेतले" म्हटलं तरी क्रियापद द्रावणाप्रमाणेच चालतं, तेव्हा "मी" काढला तरी वाक्य उभं राहतं. "वॉज टेकन" तिथूनच मिळतं. मुलं "बाय मी" का जोडतात कळत नाही.

क्यूसी_टेबल
हल्लीच्या पेपरांत "वी" सर्रास असतं, बाई. "वी मेझर्ड" असं.

ब्युरेटवाल्या_बाई
असतं. तरी पहिल्या वर्षाला तिने तिच्या सरांना विचारूनच ठरवावं.

पहिलं_वर्ष
मी वाक्यं पुन्हा लिहिली. आधी मराठीत:

"०.५१०४ ग्रॅम केएचपी तोलून घेतले. NaOH च्या द्रावणाने अनुमापन केले, फिनॉल्फ्थॅलीन दर्शक. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा माप २४.८ मिलिलिटर होते. मग याच NaOH ने विरल HCl चे अनुमापन केले, दर्शक मिथिल ऑरेंज. रंग पिवळा होताच थांबले."

इंग्रजी उद्या करते.

क्यूसी_टेबल
"टिकला" म्हणजे किती वेळ? साधारण अर्धा मिनिट टिकला असेल तर तसं लिहा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो पुढे उडतोच, आणि नंतर बघणाऱ्याला वाटतं की अंत्यबिंदू आलाच नव्हता. आणि २४.८ कुठून आलं? ब्युरेटवर ०.१ च्या खुणा असतात, दोन खुणांमधलं दुसरं दशांशस्थळ नजरेने वाचायचं असतं. २४.८० असेल तर शून्य लिहा.

पहिलं_वर्ष
वही उघडून बघितली. २४.८० च आहे, रिपोर्टमध्ये उतरवताना मीच शून्य गाळला.