घरपट्टी ऑनलाइन भरायची आहे, पण वडिलांच्या नावावर दोन मालमत्ता दिसताहेत

पऱ्हाटीवाला
आमची ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. मी पुण्यात, घर गावात, यवतमाळ जिल्ह्यात. मागच्या वर्षीच्या कागदी बिलावर मालमत्ता क्र. ४१२, वॉर्ड ३, चालू मागणी १,८६० रुपये. साइटवर वडिलांचं नाव टाकलं तर ४१२ आणि ४१२/१ अशा दोन नोंदी येतात. ४१२/१ वर ११ हजारांच्या वर थकबाकी. कोणती भरू? ३१ मार्चच्या आत, मोबाईलवरून, यूपीआयनेच. गावी जाणं जमत नाही.

संत्रा_बागाईतदार
गावी जाऊन काउंटरवर भरा. शिक्क्याची पावती ते शिक्क्याची पावती.

पऱ्हाटीवाला
दादा, गावी जाणं जमत नाही हेच तर लिहिलं.

बाबाराव_काका
नमुना आठचा नंबर टाका, बरोबर घर निघते. आमच्याकडं तसंच करतात.

कर_लिपिक_निवृत्त
काकाजी, नमुना आठ ग्रामपंचायतीचा. नगरपंचायत झाल्यावर नव्यानं आकारणी होते आणि क्रमांकही बदलू शकतो. जुना नंबर टाकाल तर दुसऱ्याचंच घर उघडेल.

पऱ्हाटीवाला, नावावरून शोधू नका. आडनाव कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ, कुठं आद्याक्षर नुसतं. वॉर्ड आणि मालमत्ता क्रमांकावरून उघडा. मग दोन्ही नोंदींत भरणा झालेल्या रकमा पाहा. मागच्या वर्षीच्या पावतीचा क्रमांक, तारीख आणि रक्कम ज्या नोंदीत सापडेल तीच तुमच्या बिलाची. नाव जुळलं म्हणजे घर जुळलं असं होत नाही.

४१२/१ मध्ये भोगवटदाराचा रकाना वाचा. तिथं भाडेकरूचं नाव, क्षेत्रफळ कमी आणि बांधकाम टिनाचं असेल, तर फेरआकारणीत मागची खोली वेगळी काढली असं समजा.

पऱ्हाटीवाला
अगदी बरोबर! भोगवटदार दुसराच, बांधकाम टिनपत्रा. मागची १,८६० ची पावती ४१२ मध्येच दिसते. पण ती खोली तर कधीचीच पाडली.

संत्रा_बागाईतदार
मग दोन्ही भरून टाका, झंझट मिटते. शास्ती चढत राहते ना बाप्पा, महिन्याला २ टक्के.

कर_लिपिक_निवृत्त
शास्तीचं खरं आहे. १,८६० वर महिन्याला ३७ रुपये २० पैसे. पण पाडलेल्या खोलीचे ११ हजार आधी भरले, तर नोंद रद्द करायला कोणी विचारणार नाही. पाडल्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जागेची पाहणी होईल, मगच नोंद निघेल. मागची थकबाकी माफ होईलच असं मात्र नाही.

चुकीच्या नोंदीवर भरलेले पैसे आपोआप इकडचे तिकडे होत नाहीत. पावती जोडून समायोजनाचा अर्ज करावा लागतो. मालक एकच असला तर निभतं, दुसऱ्याच्या घरावर गेले तर डोकेदुखी.

वैनगंगाकाठ
पैसे कटतात अन् पावती येत नाही, ते कोणी सांगत नाही. माझं दोनदा झालं. दुसऱ्यांदा भरलं तर दोन्ही जमा!

कर_लिपिक_निवृत्त
म्हणून लगेच पुन्हा भरू नये, ताई. दुसऱ्या दिवशी तीच नोंद उघडून बाकी कमी झाली का ते पाहा. झाली असेल तर पावती तिथूनच उतरवून घ्या. नसेल तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रारीसाठी यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जपून ठेवा.

बाबाराव_काका
स्क्रीनशॉट काढला की झालं. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवतो.

कर_लिपिक_निवृत्त
स्क्रीनशॉटवर रक्कम असते, घर नसतं. उद्या फेरफार करताना किंवा थकबाकी नसल्याचा दाखला मागताना ४१२ चे पैसे भरले हे त्यातून कसं दिसणार? पावतीवर पावती क्रमांक, मालमत्ता क्रमांक, आर्थिक वर्ष आणि थकबाकी, चालू, शास्ती वेगवेगळी हवी. ती पीडीएफ उतरवा आणि फाइलला असं नाव द्या:

```
घरपट्टी_२०२५-२६_वॉर्ड३_४१२.pdf
```

एक प्रत मेलवर, एक कागदावर. व्हॉट्सअ‍ॅपवरचं फोन बदलला की गेलं समजा. आणि घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, एवढं लक्षात असू द्या.

वैनगंगाकाठ
हो का? आमच्याकडं तर पावतीवरच वाटणी चालली आहे.

पऱ्हाटीवाला
४१२ आत्ताच भरली, पावती उतरवली. ४१२/१ चे ११ हजारही भरून टाकतो, वडिलांना नोटीस आलेली चालत नाही. अर्ज नंतर पाहू. पण पावतीच्या पीडीएफमध्ये वडिलांच्या नावाच्या जागी चौकोन दिसताहेत.

कर_लिपिक_निवृत्त
११ हजारांचं तुमचं तुम्ही पाहा. चौकोन दिसतात कारण फोनवरच्या अ‍ॅपला तो फाँट उमगत नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून छापा. तरी चौकोनच आले, तर पावती क्रमांक सांगून कार्यालयातून प्रत मागवा.