शब्दचर्चा: ‘शून्य’ झालेल्या कायद्याला ‘ग्रहण’ कसं लागतं?

ओवी: भाषांतरात अडलेय. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा ‘शून्य’ होतो असं एका ओळीत, आणि पुढच्या ओळीत त्याच कायद्याला ‘ग्रहण’ लागतं. जे उरलंच नाही त्याला ग्रहण कसलं? आणि ‘सेव्हरेबिलिटी’साठी ‘विभाज्यता’ लिहू की ‘पृथक्करणीयता’?

पायवाट: पृथक्करणीयता. कारण खराब कलम खोडायचं आणि बाकीचा कायदा ठेवायचा.

बाराखडी: अर्धंच बरोबर. दरवेळी खोडण्याजोगं कलम सापडत नाही. 1951 चा बलसारा खटला बघा. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ‘मद्य’ या शब्दाखाली अल्कोहोल असलेले सगळेच द्रव येत, म्हणजे औषधंसुद्धा. सर्वोच्च न्यायालयानं मद्यसेवनाची बंदी अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनांपुरती शून्य ठरवली. कलमातला एक शब्दही हलला नाही, फक्त त्याची पोच आखडली. म्हणून मला ‘विभाज्यता’ जवळचा वाटतो. मात्र दोन भाग एकमेकांत इतके गुंतलेले असतील की उरलेला भाग विधिमंडळानं एकटा केलाच नसता, तर सगळाच कायदा पडतो. अनुच्छेद 13 मध्ये म्हणूनच नुसतं ‘शून्य’ नाही. विसंगती असेल तेवढ्यापुरता शून्य. ‘तेवढ्यापुरता’ गाळू नका.

सायली: ग्रहण म्हणजे कोर्टाची स्थगिती ना?

बाराखडी: नाही. स्थगितीला कोर्टाचा आदेश लागतो. ही सावली संविधानाची. मध्य प्रांत व वऱ्हाडात 1947 च्या दुरुस्तीनं मोटार वाहतुकीचा सगळा धंदा सरकारला ताब्यात घेण्याची मुभा मिळाली होती. 26 जानेवारी 1950 ला नागरिकांना व्यवसायाचा हक्क मिळाला आणि ही तरतूद झाकोळली. जून 1951 मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीनं या हक्कावरच्या मर्यादांचा अनुच्छेद 19(6) बदलला, सरकारला असा धंदा ताब्यात घ्यायची मोकळीक दिली, तशी सावली सरकली. कायदा पुन्हा करावा लागला नाही. 1955 च्या भिकाजी नारायण खटल्यात हेच ठरलं: तो मेला नव्हता, संविधानाआधीच्या व्यवहारांना आणि नागरिक नसलेल्यांना लागूच होता.

पायवाट: मग घटनादुरुस्ती झाली की कोणताही कायदा उठून बसेल!

बाराखडी: इथेच तारीख बघायची. 1950 नंतर केलेला विसंगत कायदा मुळात जन्मालाच येत नाही, असं 1959 च्या दीपचंद खटल्यात म्हटलं. त्याला ग्रहण नाही. ‘मृतजात’ म्हणा हवं तर.

ओवी: ‘मृतजात’ सरसकट चालेल?

बाराखडी: तिथे माझंही अडतं. 1974 च्या अंबिका मिल्स खटल्यात 1950 नंतरच्याच कायद्याबद्दल म्हटलंय की, व्यवसायासारखा हक्क फक्त नागरिकांचा असेल तर कंपनीविरुद्ध तो कायदा जिवंत. कंपनी नागरिक नाही ना. मग एकासाठी मृतजात आणि दुसऱ्यासाठी धडधाकट, हे एका शब्दात कसं बसवायचं?

सायली: ‘नागरिकांपुरता मृतजात’?

ओवी: कानाला खटकतंय, पण ‘तेवढ्यापुरता’ तरी राहतोय त्यात. तूर्त तेच लिहिते.